पाचाऐवजी सात उत्तरे : कोणती पाच मोजावयाची?

परीक्षा संपवून बाहेर पडलेल्या मुलांचे घोळके बारामतीच्या किंवा इंदापूरच्या एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे असतात, तेव्हा त्यांच्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. "पाचच मागितले होते, पण मी सातही लिहून टाकले." बोलणाऱ्याच्या स्वरात थोडा अभिमान असतो, थोडी धाकधूक असते. शेजारचा सांगतो, की तपासणारे चांगली पाच घेतात. दुसरा ठासून म्हणतो, की पहिली पाचच पाहतात आणि पुढच्यांवर रेघ मारतात. तिसऱ्याने कुठेतरी ऐकलेले असते, की सगळ्यांची बेरीज करतात. निमगाव केतकीची किंवा मोरगावची गाडी लागते आणि वाद तसाच राहतो. या वादाचे उत्तर पुष्कळदा त्यांच्या प्राध्यापकांनाही एकमताने देता येत नाही, ही खरी अडचण आहे.

'खालील सातपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवा' ही सूचना वरवर पाहता निःसंदिग्ध वाटते. विद्यार्थ्याने पाच उत्तरे लिहिली तर ती तशी आहेही. चार लिहिली तरी काही बिघडत नाही. चारांचे जे गुण होतील ते होतील. सूचना मुकी होते ती सहावे उत्तर लिहिले गेल्यावर. जादा उत्तराचे काय करावयाचे, हे तिने सांगितलेलेच नसते. जे सूचनेने सांगितले नाही ते मग परीक्षक आपापल्या समजुतीप्रमाणे ठरवतो. ही समजूत त्याला बहुधा त्याच्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडून तोंडी मिळालेली असते. दोन परीक्षकांच्या समजुती निरनिराळ्या असल्या, तर एकाच उत्तरपत्रिकेला दोन निरनिराळे निकाल लागू शकतात. फरक किती पडतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण आकड्यांनिशी मांडणे इष्ट ठरेल.

अर्थशास्त्राची ७० गुणांची, तीन तासांची एक प्रश्नपत्रिका आहे असे समजू. सात प्रश्न, प्रत्येकी १४ गुण, त्यांपैकी कोणतेही पाच सोडवावयाचे. पहिला प्रश्न मागणीच्या लवचिकतेवर, दुसरा समवृत्ती वक्रांवर, तिसरा उत्पादन फलनावर, चौथा पूर्ण स्पर्धेवर, पाचवा मक्तेदारीवर, सहावा रिकार्डोच्या खंड सिद्धांतावर आणि सातवा कल्याणाच्या अर्थशास्त्रावर. बारामतीच्या एका विद्यार्थ्याने नेमके पाच प्रश्न निवडून शांतपणे लिहिले आणि त्याला ८, ८, ९, ८ आणि ८ असे एकूण ४१ गुण पडले. त्याच्या बाबतीत कसलाही वाद नाही.

आता इंदापूरच्या एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका घेऊ. तिने आरंभ केला तो चौथ्या प्रश्नाने. त्याला ९ गुण योग्य ठरतात. नंतर पहिला लिहिला, त्याला ८. मग सहावा हाती घेतला. रिकार्डोची व्याख्या लिहून झाली, आकृती आठवेना, अर्ध्या पानावर तो सोडून दिला. त्याला फार तर ३ गुण. पुढे दुसऱ्या प्रश्नाचे ७, पाचव्याचे ८, तिसऱ्याचे ६. शेवटी वेळ उरला म्हणून सातवा प्रश्न लिहावयास घेतला आणि तोच सर्वांत चांगला उतरला. त्याला ११ गुण. अर्धवट सोडलेल्या सहाव्या प्रश्नावर काट मारावयाचे तिला सुचले नाही. परीक्षेच्या गडबडीत ते पुष्कळांना सुचत नाही.

पहिला परीक्षक उत्तरपत्रिकेत ज्या क्रमाने उत्तरे आली त्या क्रमाने पहिली पाच मोजतो : ९, ८, ३, ७ आणि ८, म्हणजे ३५. दुसरा परीक्षकही 'पहिली पाच' हाच नियम मानतो, पण त्याच्या मते पहिली म्हणजे प्रश्नक्रमांकाने पहिली. तो एक ते पाच या प्रश्नांचे ८, ७, ६, ९ आणि ८ धरून ३८ देतो. तिसरा सातही उत्तरे तपासून त्यांतली सर्वांत जास्त गुणांची पाच घेतो : ११, ९, ८, ८ आणि ७, एकूण ४३. चौथा घाईत आहे. तो प्रत्येक उत्तराला गुण देत जातो आणि शेवटी सगळ्यांची बेरीज मांडतो. ती होते ५२.

एकच उत्तरपत्रिका, एकाच दर्जाची तपासणी, प्रत्येक उत्तराला दिलेले गुणही तेच. आणि निकाल मात्र ३५, ३८, ४३ आणि ५२. शेकडेवारीत सांगावयाचे तर पन्नास टक्क्यांपासून चौऱ्याहत्तर टक्क्यांपर्यंत. जुन्या भाषेत बोलावयाचे तर ही मुलगी द्वितीय वर्गात आहे, प्रथम वर्गात आहे आणि विशेष प्रावीण्यातही आहे. शिवाय बारामतीच्या त्या ४१ गुणांच्या विद्यार्थ्याच्या ती मागे आहे की पुढे, हेही परीक्षकाच्या समजुतीवर अवलंबून राहिले. पदव्युत्तर प्रवेशाची यादी किंवा शिष्यवृत्तीची यादी एकेका गुणावर हलते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या फरकाचे वजन वेगळे समजावून सांगावयास नको.

या चार रीतींपैकी शेवटची, म्हणजे सर्वांची बेरीज, ही उघडउघड चूक आहे. तिचे समर्थन कोणीही करणार नाही. पण ती घडते, आणि घडली तरी सहसा ध्यानात येत नाही, याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. बेरीज ७० च्या वर गेली तर कोणीही चमकून पुन्हा पाहील. परंतु सात उत्तरे लिहिणारा विद्यार्थी पुष्कळदा मध्यम प्रतीचा असतो; त्याच्या साती उत्तरांची बेरीजसुद्धा ७० च्या आतच राहते. बावन्न हा आकडा पाहून कोणालाही शंका येत नाही. बेरीज बरोबर आहे की नाही हे पाहणाऱ्या कारकुनालाही ती बरोबरच आढळते, कारण बेरीज खरोखरच बरोबर असते. चूक पकडण्याचा मार्ग एकच : मुखपृष्ठावरील गुणांच्या तक्त्यात किती घरे भरलेली आहेत ती मोजावयाची. पाचापेक्षा अधिक घरांतले आकडे बेरजेत आले असतील, तर ती बेरीज पुन्हा करावयास हवी. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

उरला तो खरा वाद. पहिली पाच की चांगली पाच? दोन्ही बाजूंना मातब्बर संस्था उभ्या आहेत. सनदी लेखापालांची भारतीय संस्था आपल्या प्रश्नपत्रिकेवरच बजावते, की मागितल्यापेक्षा अधिक प्रश्न सोडवले तर उत्तरपुस्तिकेत प्रथम लिहिलेली आवश्यक तेवढीच उत्तरे तपासली जातील आणि नंतरची जादा उत्तरे विचारात घेतली जाणार नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर सूचना असते, की उत्तरे अनुक्रमाने मोजली जातील आणि काट मारलेली नसेल तर अर्धवट लिहिलेले उत्तरही मोजणीत धरले जाईल. याच्या अगदी उलट केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ आपल्या परीक्षकांना सांगते, की विद्यार्थ्याने जादा प्रश्न सोडवला असेल तर ज्या उत्तराला अधिक गुण पडतात ते ठेवावे आणि दुसऱ्यावर रेघ मारून 'जादा प्रश्न' असा शेरा लिहावा. म्हणजे बारावीपर्यंत एक नियम अंगवळणी पडलेला विद्यार्थी पुढे स्पर्धा परीक्षेला बसतो, तेव्हा नियम उलटा झालेला असतो. तथापि लेखापालांची संस्था आणि लोकसेवा आयोग यांनी एक गोष्ट निर्विवादपणे योग्य केली आहे. त्यांचा नियम कठोर असला तरी तो परीक्षार्थीच्या डोळ्यांसमोर छापलेला आहे.

पहिल्या पाचांच्या नियमाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो असा : निवड करणे हाही परीक्षेचाच भाग आहे. आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे ओळखता येणे ही एक पात्रता आहे. ज्याने विचार करून पाच निवडले त्याच्यापेक्षा ज्याने सरसकट सात लिहून परीक्षकावर निवड सोपवली, त्याला लाभ का व्हावा? डाळिंबाच्या बागायतदाराने प्रतवारी स्वतः करून पेट्या पाठवाव्यात; सगळा माल व्यापाऱ्यापुढे ओतून 'तुम्हीच चांगला निवडून घ्या' असे म्हणू नये. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. त्यामागे एक गणिती तथ्यही आहे आणि ते दडवून चालणार नाही.

फासा पाच वेळा टाकला तर पडणाऱ्या आकड्यांची बेरीज सरासरीने साडेसतरा येते. तोच फासा सात वेळा टाकू दिला आणि त्यांतले मोठे पाच आकडे निवडू दिले, तर ती बेरीज एकवीसच्या थोडी वर जाते. टाकणाऱ्याच्या हातात काही अधिक कसब आलेले नसते. केवळ दोन वाईट फासे टाकून देण्याची मुभा मिळालेली असते. उत्तरांचे गुण काही फाशासारखे पडत नाहीत हे खरे. पण त्यांतही चढउतार असतोच. काही विद्यार्थ्याच्या तयारीतला, काही परीक्षकाच्या हातातला. हा चढउतार प्रत्येक प्रश्नामागे सरासरीच्या दोन्ही अंगांना साधारण दोन गुणांचा धरला, तर सात लिहून चांगली पाच मोजून घेणाऱ्याला ७० पैकी सुमारे चार गुणांचा फायदा होतो, आणि सहा लिहिणाराला सुमारे अडीच गुणांचा. तयारी तीच, फायदा मात्र जादा उत्तरांचा. हा आक्षेप खरा आहे.

पण हा हिशेब करताना एक गोष्ट नजरेआड झाली. फासा टाकावयास वेळ लागत नाही, उत्तर लिहावयास लागतो. तीन तासांत पाच उत्तरे लिहिणाऱ्याला प्रत्येकी ३६ मिनिटे मिळतात. सात लिहिणाऱ्याला सव्वीसही मिळत नाहीत. चौदा गुणांच्या उत्तरातली दहा मिनिटे कमी झाली म्हणजे एखादी आकृती सुटते, टीकेचे मुद्दे दोनावर येतात, शेवटचा परिच्छेद लिहावयाचाच राहतो. म्हणजे जादा उत्तराची किंमत विद्यार्थ्याने आपल्या उरलेल्या उत्तरांतून आधीच मोजलेली असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा वैकल्पिक खर्चाचा पाठ निराळा शिकवावयास नको. चार गुणांचा तो लाभ फुकटचा नाही. पुष्कळांच्या बाबतीत तो तोट्यातच जातो आणि पाचच लिहिणारा विद्यार्थी पुढे राहतो. मग ज्याने एकदा वेळेच्या रूपाने किंमत मोजली, त्याच्या चांगल्या उत्तरावर रेघ मारून ती दुसऱ्यांदा वसूल का करावी?

शिवाय विद्यार्थी आपली निवड अचूक करतो हे गृहीतही तपासून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील परीक्षाशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर आणि डेव्हिड थिसेन यांनी १९९० च्या दशकात या ऐच्छिक प्रश्नांच्या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. विद्यार्थ्यांना आधी कोणता प्रश्न पसंत आहे ते विचारावयाचे आणि नंतर पसंत-नापसंत दोन्ही प्रकारचे प्रश्न सोडवावयास लावावयाचे, असा त्यांचा एक प्रयोग होता. पसंत केलेल्या प्रश्नापेक्षा नापसंत प्रश्नात अधिक चांगली कामगिरी करणारे विद्यार्थी त्यांना आढळले. ज्या मुलीला सातवा प्रश्न शेवटी सुचला आणि तोच सर्वांत चांगला उतरला, ती काही जगावेगळी नव्हे. प्रश्न वाचून जे आठवत नाही ते लिहू लागल्यावर आठवते, हा तर प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. आणि सातांतून पाच निवडण्याच्या रीती एकवीस होतात. एकवीस निरनिराळ्या प्रश्नपत्रिका एकाच नावाने द्यावयाच्या आणि मग त्यांतली कोणती योग्य हे विद्यार्थ्याला पहिल्या दहा मिनिटांत अचूक ओळखता आले पाहिजे असे म्हणावयाचे, हे फारसे न्याय्य वाटत नाही.

पहिल्या पाचांच्या नियमाचा दुसरा दोष व्यवहारातला आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. 'पहिले' म्हणजे काय हेच उत्तरपत्रिकेत नेहमी स्पष्ट नसते. वरील उदाहरणातल्या मुलीने मूळ उत्तरपत्रिकेत चार उत्तरे लिहिली, पहिल्या पुरवणीत पाचवा आणि तिसरा प्रश्न लिहिला आणि दुसऱ्या पुरवणीत सातवा. शेवटची घंटा झाल्यावर दोरा ओवताना दुसरी पुरवणी पहिलीच्या वर बांधली गेली, तर क्रमाने पहिली पाच उत्तरे ९, ८, ३, ७ आणि ११ होतात. बेरीज ३५ ची ३८ होते. तीन गुण केवळ दोऱ्याच्या गाठीने वाढले. अर्धवट सोडलेल्या सहाव्या प्रश्नावर तिने आडवी रेघ ओढली असती, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोजणीत आले असते आणि पुन्हा ३८ च झाले असते. तेही तीन गुण पेनाच्या एका फटकाऱ्याचे. अर्थशास्त्राचे ज्ञान या दोन्ही ठिकाणी तसूभरही बदललेले नाही. एखाद्याने प्रश्न तिसरा 'अ' आरंभी आणि 'ब' अखेरीस लिहिला असेल तर तो पहिला की शेवटचा, हा घोळ निराळाच. चांगल्या पाचांच्या नियमात असल्या अपघातांना थारा नाही, कारण क्रम कोणताही असला तरी मोठी पाच तीच राहतात.

मग हा नियम सर्वत्र का रूढ होत नाही? त्याचे एक साधे आर्थिक कारण आहे आणि त्याचा उच्चार सहसा होत नाही. तपासणीचे मानधन उत्तरपत्रिकेमागे मिळते, उत्तरामागे नव्हे. तपासणी केंद्रावर दिवसाकाठी गठ्ठे संपवावयाचे असतात. सात उत्तरे तपासणाऱ्या परीक्षकाला पाच तपासणाऱ्याइतकेच पैसे मिळतात, वेळ मात्र सुमारे दीडपट लागतो. पाचव्या उत्तरानंतर रेघ मारून पुढची उत्तरपत्रिका ओढण्याचा मोह व्हावा, अशीच ही व्यवस्था आहे. यात परीक्षकाला दोष देण्यापेक्षा, जादा उत्तरांच्या पत्रिका वेगळ्या मोजून त्यांसाठी थोडे अधिक मानधन ठेवणे शहाणपणाचे ठरेल. अशा पत्रिका शेकड्याने नसतात; खर्च फारसा वाढणार नाही.

तथापि चांगल्या पाचांचा नियम डोळे मिटून सर्व प्रश्नांना लावू नये. दोन-दोन गुणांच्या लघुप्रश्नांतही 'सातपैकी कोणतेही पाच' अशी रचना असते. तेथे जादा उत्तर म्हणजे तीन-चार ओळी. वेळेची किंमत जवळजवळ शून्य. वैकल्पिक खर्चाचा जो मुद्दा दीर्घोत्तरी प्रश्नांना लागू पडतो तो येथे पडत नाही आणि फाशाचे गणित मात्र पुरेपूर लागू पडते. सातही लिहिणारा प्रत्येक जण फुकट फायदा घेईल आणि सूचना पाळून पाचच लिहिणारा भाबडा ठरेल. अशा प्रश्नांत पहिल्या पाचांचा नियम ठेवणे सयुक्तिक आहे; केवळ तो आधी सांगितला पाहिजे. बहुपर्यायी प्रश्नांची गोष्ट याहून वेगळी. तेथे एकाच प्रश्नाला दोनदा उत्तर देण्याचा धोका असतो, म्हणून राज्याचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ आपल्या प्रश्नपत्रिकांवर केवळ पहिला प्रयत्न ग्राह्य धरला जाईल असे छापते. एकच प्रश्न दोनदा सोडवणे आणि जादा प्रश्न सोडवणे या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

आणखी एक जागा निसरडी आहे. काही प्रश्नपत्रिकांत पहिला प्रश्न अनिवार्य असतो आणि उरलेल्या सहांतून चार निवडावयाचे असतात. तेथे चांगली चार निवडावयाची ती त्या सहांतूनच. अनिवार्य प्रश्न सोडून विद्यार्थ्याने उरलेल्यांतली पाच लिहिली असतील, तर त्यांपैकी चारच मोजली जातील. पाचवे उत्तर अनिवार्य प्रश्नाच्या रिकाम्या जागी बसवता येणार नाही.

आता पुष्कळ ठिकाणी गुण संगणकावरील तक्त्यात भरले जातात आणि मोठी पाच निवडण्याचे काम यंत्राकडे जाते. ते काम यंत्र चोख करते, पण नियम त्याला माणसानेच सांगावा लागतो, आणि न सोडवलेल्या प्रश्नाचे घर रिकामे ठेवावयाचे की तेथे शून्य लिहावयाचे हेही ठरवावे लागते. सातांपैकी चारच घरांत आकडे असले आणि 'पाचवा मोठा आकडा दे' असे सूत्र लिहिलेले असले, तर यंत्राला तो सापडत नाही आणि बेरजेच्या जागी त्रुटीचा शेरा उमटतो. जादा लिहिणाऱ्याचा प्रश्न सोडवताना कमी लिहिणारा अडचणीत आला, असे होऊ नये. बेरजेच्या तक्त्यात न सोडवलेल्या प्रश्नांना शून्य धरले की ही अडचण उरत नाही.

एके काळी हा सगळा व्यवहार बंद दाराआड होता. विद्यार्थ्याला केवळ गुणपत्रिका दिसे. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात, तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. आता इंदापूरची ती मुलगी आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवू शकते. प्रतीत तिला दिसते, की आपल्या सर्वांत चांगल्या उत्तरावर न वाचताच रेघ ओढली आहे. असे का, हे ती विचारते. आणि नियम कोठेच लिहिलेला नसला तर 'आमच्याकडे अशी पद्धत आहे' याखेरीज तिला देण्यासारखे उत्तर कोणाजवळ नसते. पुनर्मूल्यांकनास दिलेली तीच पत्रिका चांगली पाच मोजणाऱ्या परीक्षकाकडे गेली, की ३५ चे ४३ होतात आणि पहिल्या परीक्षकाच्या माथी निष्काळजी तपासणीचा ठपका येतो. वास्तविक दोघांनी प्रत्येक उत्तराला दिलेले गुण अगदी सारखे आहेत. फरक आहे तो न लिहिलेल्या नियमाचा.

बारामती आणि इंदापूर यांच्यामध्ये पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे छत्र या दोन्ही गावांवर आहे. पण बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आज स्वायत्त असून आपल्या परीक्षा स्वतः घेते, आणि संलग्न महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांपुढे विद्यापीठाची प्रश्नपत्रिका येते. स्वायत्तता वाढत जाईल तशा परीक्षा घेणाऱ्या संस्थाही वाढतील. ज्येष्ठाने कनिष्ठाला कानात सांगितलेल्या रूढीवर इतक्या परीक्षा चालवता येणार नाहीत.

काम मोठे नाही. ते विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने किंवा स्वायत्त महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाने एका बैठकीत करण्यासारखे आहे. 'उजवीकडील अंक पूर्ण गुण दर्शवितात' या ओळीखाली आणखी दोन ओळी छापावयाच्या. दीर्घोत्तरी विभागात : 'पाचापेक्षा अधिक प्रश्न सोडविल्यास सर्व उत्तरे तपासून अधिक गुणांची पाच उत्तरे ग्राह्य धरली जातील.' लघुप्रश्नांच्या विभागात : 'मागितल्यापेक्षा अधिक उत्तरे लिहिल्यास उत्तरपत्रिकेतील क्रमाने पहिली पाच ग्राह्य धरली जातील, नको असलेल्या उत्तरावर स्पष्ट काट मारावी.' परीक्षकांच्या सूचनापत्रकात असे सांगावयाचे, की प्रत्येक उत्तराचे गुण समासात लिहावेत, मोजलेल्या पाचांभोवती वर्तुळ करावे, उरलेल्यांवर 'जादा प्रश्न' असा शेरा मारावा आणि मुखपृष्ठावरच्या तक्त्यात पाचच आकडे उतरवावेत. नियामकाने बेरीज पाहण्याआधी ती घरे मोजावीत. आणि पुरवण्यांवर अनुक्रमांक घातलेला आहे की नाही, हे पर्यवेक्षकाने दोरा बांधण्यापूर्वी पाहावे.

हे होईपर्यंत वर्गावरच्या शिक्षकाला एक गोष्ट आजच करता येईल. परीक्षेच्या आधीच्या तासाला त्याने मुलांना सांगावे, की अर्धवट सोडलेल्या उत्तरावर न विसरता काट मारा आणि ज्या प्रश्नाची तयारी सर्वांत चांगली आहे तोच आधी लिहा. नियम कोणताही असला तरी असे करणाऱ्याचे फारसे नुकसान होत नाही.